फ्लूची लस आणि त्यानंतरचा आठवडा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी परिचारिका आहे. लस टोचून झाल्यावर आम्ही हातात जो कागद देतो, त्याबद्दल लिहिते आहे. त्यावर ‘लस सुरक्षित आहे’ एवढंच असतं. पुढच्या आठवड्यात काय होऊ शकतं, ते नसतं.

गेल्या मोसमातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. सोमवारी त्यांनी लस घेतली. रात्री दंड ठणकायला लागला, मंगळवारी अंगात कणकण आली, बुधवारी ती ओसरली. गुरुवारी घसा खवखवू लागला, शुक्रवारी नाक गळायला लागलं, शनिवारी खोकल्यानं झोप लागेना. त्या मला म्हणाल्या, “धडधाकट होते हो मी, तुमच्या सुईनं पाडलं!”

त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. सोमवार-मंगळवारचा त्रास लशीचाच होता. शरीराची प्रतिकारशक्ती लशीला उत्तर देते तेव्हा दंड दुखतो, कधी ताप येतो, अंग मोडून येतं. हे बहुधा पहिल्या दिवसात सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत थांबतं. पण दंडात टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यानं फ्लू होऊच शकत नाही. (नाकात फवारायच्या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो, तिच्यानं नाक वाहू शकतं. बाईंना ती दिली नव्हती.)

मग गुरुवारचा घसा? मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीन वेळा सर्दी होतेच. दोनच धरा. हजार जणांच्या वर्षाला दोन हजार सर्द्या, म्हणजे आठवड्याला जवळजवळ चाळीस. हजार जणांना नुसतं पाणी टोचलं तरी त्या आठवड्यात चाळीस जण शिंकत येतील, आणि लस देतो तो मोसम सर्दीचाच असतो. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन देऊन अशी तुलना खरोखर झाली आहे. निरोगी प्रौढांच्या दोन्ही गटांत सर्दी-खोकला सारखाच होता, लस घेतलेल्यांचा दंड मात्र जास्त दुखला.

खरा फ्लूही होऊ शकतो. लशीचं संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तर संसर्गानंतर फ्लू एक ते चार दिवसांत दिसतो. त्या मधल्या काळात माणूस उघडाच असतो. पुढेही लस प्रत्येकाला वाचवत नाही, हेही लपवू नये.

‘काही होत नाही’ असं आम्ही सांगतो आणि मंगळवारी ताप येतो, तेव्हा आमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. म्हणून कागदावर तीन ओळी वाढवा: पहिले दोन दिवस दंड दुखेल, कणकण येऊ शकते; सर्दी-खोकला झाला तर तो दुसऱ्या संसर्गाचा; श्वास लागला, चेहरा सुजला किंवा ताप उतरेना तर लगेच डॉक्टरांकडे या. आणि लस मोसमाच्या तोंडावर न पाठवता दोन-तीन आठवडे आधी केंद्रांवर पोहोचवा.

आपली,
लसीकरण केंद्रातील एक परिचारिका