मुलांचे फोटो आणि याद्या शाळेबाहेर कशा जातात: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत घडलेल्या एका गोष्टीमुळे हे पत्र लिहिते आहे.

गेल्या जूनमध्ये एक आई तिसरीतल्या मुलीला घेऊन आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती माहेरी परतली होती. प्रवेश घेताना म्हणाली, "बाई, पोरीचा फोटो तेवढा कुठं टाकू नका." मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी गणवेश वाटप झालं. वरून निरोप आला की फोटो जिओ-टॅगचाच हवा. मग सहकाऱ्याने जिओ-टॅगचं अ‍ॅप उघडून मुलं रांगेत उभी केली. त्या फोटोच्या खालच्या पट्टीत गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ आपोआप छापली जाते. फोटो आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या ग्रुपवर, आणि तोच शाळेच्या फेसबुक पानावरही चढला. आठवड्याभरात मुलीचा बाप शाळेच्या फाटकाशी उभा होता. त्याला फोटोवरूनच पत्ता लागला, असं त्याने स्वतःच सांगितलं.

त्या फोटोला शाळेत कुणीही वाईट हेतूने हात लावला नव्हता. प्रत्येकाने वरून मागितलं ते दिलं. म्हणून माझं म्हणणं असं की शिक्षकांना सावधगिरीचं आणखी एक परिपत्रक पाठवून काही होणार नाही. मागण्याची पद्धतच बदलायला हवी. वाटप झाल्याचा पुरावा म्हणून लाभार्थी यादीवर पालकांची सही असतेच. फोटो लागतच असेल तर तो पाठमोरा किंवा गठ्ठ्यांचा चालावा. ठिकाणाची पट्टी असलेला फोटो फक्त शासनाच्या पोर्टलवर चढवावा, ग्रुपवर नाही. आणि असा फोटो जाहीर पानावर कधीही जाऊ नये, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहावं.

याद्यांचंही तेच होतं. मुलींच्या उपस्थिती भत्त्याच्या यादीत नावापुढे जात, आधार क्रमांक आणि बँक खातं असतं. घाईत त्या कागदाचा फोटो काढून पाठवतात. एकदा आमच्याकडून तो केंद्राऐवजी पालकांच्या ग्रुपवर गेला. "सर्वांसाठी हटवा" केलं, पण तोवर ज्यांनी तो पुढे पाठवला किंवा ज्यांच्या फोनमधून गुगलवर साठवला गेला, त्यांच्याकडचा कसा हटणार? जनरल रजिस्टर आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवतो, आणि त्याच्याच पानांचे फोटो शिक्षकाच्या खासगी फोनमध्ये घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडलेले असतात. तो फोन घरात मुलं खेळायला घेतात, पुढे विकलाही जातो. शाळेच्या नावाचं एक खातं आणि शाळेतच राहणारा एक टॅब, एवढं मिळालं आणि पोर्टलवर माहिती चढली की प्रत पुसायची असा नियम झाला, तर यातलं बरंच थांबेल.

पालकांना कळवायचं असतं तेव्हा सगळे ग्रुपच काढतात, आणि त्यात प्रत्येक आईचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत तो दिसत नाही. मात्र ज्याने शाळेचा नंबर जतन केलेला नाही त्याला तो निरोप पोहोचतच नाही, हे पालकसभेत सांगून तिथल्या तिथे नंबर जतन करून घ्यावा लागतो. गुण, गैरहजेरी, आजारपण यांतलं काहीही ग्रुपवर टाकू नये, त्या मुलाच्या पालकालाच कळवावं. आईवडील वेगळे राहत असतील तर कुणाला काय द्यायचं, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावं. आज त्यासाठी अर्जात रकानाच नाही.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. शासकीय लाभ देण्यासाठी लागणाऱ्या माहितीला या कायद्यात सवलत आहे, त्यामुळे गणवेशाची यादी अडणार नाही. पण फेसबुकवरचा फोटो हा काही लाभ नव्हे. त्याची संमती प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात न घेता वेगळ्या कागदावर घ्यावी. त्यावर "नाही" लिहायलाही जागा असावी, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मुलाला कार्यक्रमातून बाजूला काढू नये. कॅमेरा दुसरीकडे वळवावा.

त्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन फोटो काढून टाकायला सांगितलं. आम्हाला तो काढता आला नाही. पान ज्या गुरुजींच्या खासगी खात्यावरून उघडलं होतं, ते दोन वर्षांपूर्वी बदलून दुसऱ्या तालुक्यात गेले आहेत. त्यांना गाठेपर्यंत चार दिवस गेले. शाळेची अशी पानं कुणाच्या नावावर आहेत याची नोंद प्रत्येक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून या सत्रातच मागवावी, ही माझी पहिली विनंती आहे.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका