सुमेधला पत्र: बाळाच्या गुळण्यांबद्दल

नागपूर

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचे तुझे मेसेज सकाळी वाचले. बाळाला दूध पचत नाही का, पूर्वाचं दूध बदलून डब्याचं द्यायचं का, उलटी थांबायचं औषध आणायचं का, हे सगळं फोनवर विचारशील तर मधेच बाळ रडेल आणि अर्धं राहून जाईल, म्हणून लिहून पाठवते. लहान मुलांच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी झाली, तेव्हा आजी म्हणून नाही, सिस्टर म्हणून वाच.

बाळ टाकतंय त्याला उलटी म्हणू नकोस, ती गुळणी आहे. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथला स्नायू या वयात मधूनमधून आपोआप सैल पडतो. पोट लहान, आहार नुसता पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. मग दूध वर येणारच. ढेकर काढताना ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं, कधी अर्ध्या तासानं दह्यासारखं फुटलेलं येतं. पोटातल्या आम्लानं दूध फाटतं, तेवढंच त्याचं कारण. यात बाळाला जोर लावावा लागत नाही. गुळणी झाली की तोंड पुसायच्या आत ते पंख्याकडे बघून हसतं.

तुला ती फार वाटते कारण कपड्यावर दूध पसरतं. विश्वास नसेल तर तिकडे एक सुती रुमाल घे आणि त्यावर दोन चहाचे चमचे दूध ओत. दहा मिली फक्त. केवढा डाग पडतो बघ. काल पूर्वाच्या खांद्यावरच्या दुपट्यावरचा डाग त्याहून लहान होता.

खरी परीक्षा काट्यावर होते. जन्माला आलं तेव्हा २ किलो ९००. पहिल्या आठवड्यात सगळीच बाळं थोडी उतरतात, आपलं दहाव्या दिवशी परत २ किलो ९०० वर आलं. दीड महिन्याच्या डोसांना नेलं तेव्हा ३ किलो ९०० भरलं. म्हणजे बत्तीस दिवसांत एक किलो, रोजचे साधारण तीस ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज पंचवीस-तीस ग्रॅम वाढणारं बाळ पोटभर जेवतंय असंच आम्ही धरायचो, मग ते दिवसातून कितीही वेळा टाको. वजन मात्र दर वेळी एकाच काट्यावर, उघड्या अंगानं आणि दूध पाजण्याआधी करायचं. ओला लंगोट आणि भरलेलं पोट मिळून दीड-दोनशे ग्रॅमचा घोळ सहज होतो.

आता ज्याला खरंच घाबरायचं ते सांगते. वॉर्डात एक बाळ आलं होतं, पहिलं मूल, मुलगा, आपल्या बाळाच्याच वयाचा. तीन आठवडे अगदी ठीक. मग रोज एक-दोनदा टाकू लागला, आठवड्याभरात प्रत्येक पाजण्यानंतर. उलटी ओघळायची नाही, जोरात उडून पाळण्याबाहेर फरशीवर पडायची. आणि उलटी झाल्याबरोबर पोरगा परत भुकेनं तोंड हलवायचा. घरचे म्हणायचे, भूक आहे ना, मग ठीक आहे. वजन मात्र जिथल्या तिथे, लघवी कमी, शीही जवळजवळ बंद. पाजल्यावर उजेडात धरलं तर पोटावर डावीकडून उजवीकडे लाट सरकताना दिसायची. पोटातून आतड्याकडे जाणाऱ्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट अरुंद झाली होती. सोनोग्राफीत ते कळलं. सतत उलट्या होऊन रक्तातले क्षार बिघडतात, म्हणून आधी सलाईननं ते दुरुस्त केले आणि मग शस्त्रक्रिया झाली. त्यात तो जाड स्नायू चिरून सैल करतात, बस. काही तासांनी दूध सुरू झालं. हा आजार बहुतेक तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डोकं वर काढतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त.

म्हणून पूर्वाला 'किती टाकलं' विचारू नकोस. ओघळलं की उडालं आणि दर वेळी पूर्वीपेक्षा जास्त होतंय का, हे विचार. एखाद्या दिवशी ढेकर अडकून भसकन एक मोठी उलटी झाली तर चालतं. रोज, प्रत्येक पाजण्यानंतर तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि रंग विचार. पांढरं, दह्यासारखं चालेल. पालकाच्या भाजीसारखी हिरवी उलटी एकदा जरी झाली तरी वाट पाहायची नाही. हिरवं म्हणजे पित्त, आणि पित्त वर येतंय म्हणजे पुढे आतड्याची वाट बंद असू शकते. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत त्याचा रक्तपुरवठा जातो. तेव्हा पाजणं थांबवून लहान मुलांचे सर्जन असतील अशा मोठ्या दवाखान्यात सरळ न्यायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. उलटीत रक्त, टम्म फुगलेलं पोट, वर आलेली टाळू, ताप, किंवा बाळ पाजायलाही जागं होत नाही, यातलं काही दिसलं तरी तसंच. मूल तोंड फिरवून, पाठ धनुष्यासारखी ताणून दूध नाकारू लागलं आणि वजन अडलं, तर ती साधी गुळणी राहत नाही, तेही दाखवायचं. यातलं आपल्याकडे आज काहीही नाही.

घरी आम्ही करतो ते एवढंच. एका वेळी गच्च पाजत नाही. मधे एकदा आणि शेवटी ढेकर काढतो, मग वीस-तीस मिनिटं खांद्याशी उभं धरतो. हे काम तुझे बाबा करतात आणि कोणाला करू देत नाहीत. अर्धवट बसवायच्या खुर्चीत ठेवत नाही, कारण त्यात पोट दुमडतं आणि दूध जास्त वर येतं. ग्राइप वॉटर नाही, घुटी नाही. उलटीचे थेंब तर मागायचेच नाहीत, वाढणाऱ्या बाळाच्या साध्या गुळणीला ते लागत नाहीत आणि त्यांचे त्रास वेगळे.

झोपवतो मात्र पाठीवरच. तू म्हणालास, घशात दूध अडकेल, पालथं घाला. उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे आलेलं दूध परत खालीच उतरतं. पालथं घातलं की उलटं होतं, शिवाय झोपेत दगावण्याचा धोका वाढतो.

शेजारच्या काकू म्हणतात, मे महिना आहे, पारा पंचेचाळीसला टेकलाय, बाळाला चमचाभर पाणी पाजा. सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, आपल्या नागपुरातसुद्धा नाही. पाण्यानं पोट भरतं आणि दूध कमी जातं. गरमीत आम्ही जास्त वेळा पाजतो आणि लंगोट मोजतो. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त ओले असले की मी निश्चिंत. काल आठ होते.

हे इतक्यात थांबणार नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास गुळण्या उलट वाढतील, तेव्हा पुन्हा दचकू नकोस. बसायला लागलं, वरचं खाणं सुरू झालं की कमी होतात, आणि बहुतेक मुलांचं वर्षभरात बंद होतं. सहा महिन्यांनंतर नव्यानंच सुरू झालं किंवा वर्षानंतरही चालू राहिलं तर मात्र डॉक्टरांना विचारू.

डब्याच्या दुधाचा विषय पूर्वापुढे काढू नकोस. तिच्या दुधात काही खोट नाही, आणि आधीच येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला 'पचत नाही वाटतं' म्हणून जाते. शनिवारी वजन करणार आहोत, आकडा तुला दुपारपर्यंत पाठवते.

तुझी,
आई