स्लॅबवरचा पत्रा काय सांगतो?

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवारच्या अंकात घरबांधणीवर एक लेख आला होता. इमारतीचे काम काय ते नीट ठरवा, आकार आपोआप ठरतो, बाकी सगळी हौस, असा त्याचा सूर होता. मी तीस-बत्तीस वर्षे कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात ओव्हरसियर म्हणून बांधकामांवर उभा राहिलो आहे. लेखकाने पावसाळ्यात एकदा आमच्याकडे यावे आणि एस.टी.च्या खिडकीतून घरे बघावीत. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब, आणि त्या स्लॅबवर लोखंडी खांब उभारून वर उतरता पत्रा. एका घराला दोन छपरे! घराचे काम आणि आकार यांचे नाते इतके सरळ असते, तर हे दुसरे छप्पर आले कुठून?

स्लॅब का गळतो ते आधी सांगतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गच्चीला उतार द्यायचा तो शंभरला एक, म्हणजे दहा फुटांत जेमतेम सव्वा इंच. आंब्या-फणसाची पाने पाइपाच्या तोंडाशी बसली की गच्चीचे तळे होते. काँक्रीट उन्हाने तापून आणि पावसाने निवून त्याला केसासारख्या भेगा जातात, पाणी सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून देते. छताला तपकिरी डाग दिसला की समजावे, सळईला गंज धरला आहे. गिलाव्याचे पोपडे त्यानंतर पडतात. मग घरमालक पत्रा घालतो आणि गळती थांबते. म्हणजे छपराचे काम करतो तो पत्रा.

मग स्लॅब कशासाठी घातला? एका शेजाऱ्याला मी हे तोंडावर विचारले. तो म्हणाला, "झील मुंबयसून पैसे धाडता, आता कौलांच्या घरात कशाक रवायचा?" त्याच्या दृष्टीने कौल म्हणजे गरिबी आणि स्लॅब म्हणजे पोरगा मार्गी लागला. आपल्या लेखकाला जो आकार निव्वळ उपयोगाचा वाटतो, तोसुद्धा असा अर्थापोटी आलेला असतो. त्या शेजाऱ्याला मी हसत नाही. घर चार माणसांत दिसण्यासाठीही असते, हे त्याने कबूल तरी केले.

"आकार कामामागून येतो" हे वचन ज्याचे, तो अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन. 1896 च्या एका लेखात त्याने ते लिहिले. त्याच्या पाच वर्षे आधी सेंट लुईस शहरात त्याने आपला भागीदार अॅडलर याच्याबरोबर वेनराइट बिल्डिंग बांधली होती. दहा मजल्यांच्या त्या इमारतीच्या दर्शनी भागावर विटांचे उभे खांब सरळ वर चढत जातात, कोपऱ्यांचे सोडले तर सगळे एकाच रुंदीचे. पण आत पोलादी खांब आहे तो एक सोडून एक विटखांबात. मधले खांब इमारतीचा भार घेण्यासाठी नाहीत, ती उंच दिसावी म्हणून आहेत. उंच इमारतीचा उंचपणा माणसाला जाणवला पाहिजे, हा सलिव्हनचा आग्रहच होता. शिवाय भाजलेल्या मातीची वेलबुट्टी आहे ती वेगळीच. नंतरच्या लोकांनी त्याचे वाक्य तेवढे उचलले.

पुन्हा आमच्या घराकडे येतो. राहणे, रांधणे, धान्य ठेवणे, निजणे ही कामे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची आणि आमची सारखीच. तिकडे जुने घर माळवदाचे: लाकडी तुळयांवर किलच, त्यावर पांढऱ्या मातीचे सपाट धाबे. पाऊस बेताचा, म्हणून ते तिथे टिकते, वर मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात रात्री माणसे निजतात. भिंती गावाकडे पाठ करून असतात आणि घर आतल्या चौकात उघडते. आमचे घर नेमके उलटे, चारी बाजूंनी बाहेर उघडे. हा फरक सगळा पावसाचा नाही. तिकडे गाव एका जागी दाटून, पांढरीत वसलेले, आणि चोर-दरोड्याची जुनी धास्ती. इकडे प्रत्येकाचे घर आपापल्या आगरात, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

बांधणीत पाऊस शिरतो तो चिऱ्यामुळे. आमचा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर टणक होतो, पण पाणी पितो. नैर्ऋत्येचा तिरका पाऊस थेट भिंतीवर बसला तर आतून ओल फुटते. म्हणून वळचण दोन-अडीच फूट पुढे आणि तिच्याखाली पडवी. स्लॅबच्या घराला खिडकीपुरता दीड फुटी छज्जा असतो, बाकी भिंत उघडी. जुलैत त्या भिंतीला हिरवे शेवाळ धरलेले कोणीही पाहावे.

पण पडवी आणि ओटी ही नुसती छत्री नव्हे. आलेला माणूस किती आत येणार हे ओटीवर ठरते. पोस्टमन पायरीपाशी, शेतीचा व्यवहार ओटीवर, सोयरा माजघरात. यात सगळे गोड होते असे मुळीच नाही. कोणाला पायरीच चढू द्यायची नाही हेही त्याच रचनेत होते, आणि बाळंतिणीची अंधारी खोली आठवली की मला आजही नको वाटते. ते पुन्हा बांधा असे मी कोणाला सांगणार नाही. पण ओटी काढून टाकली आणि दार उघडताच सोफा आला, की भजनाला आलेली वीस माणसे चपलांच्या ढिगात उभी राहतात. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधायची असते, फळाफुलांनी भरलेली जड लाकडी चौकट. कौलारू घरात ती वाशांना बांधत. स्लॅबखाली बांधायला काही नसते, म्हणून पंख्याच्या हुकाला दोऱ्या लावून ती तिरकी लोंबकळते.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका कुटुंबाला नकाशा काढून दिला. त्यांची मागणी एका ओळीची होती: दोन बेडरूम, हॉल, किचन. मी कागद बाजूला ठेवून विचारले, पाऊस कुठून मारतो, गणपती कुठे बसतो, सुपारी कुठे वाळते, म्हातारी दुपारी कुठे आडवी होते. उत्तरे आली तसा नकाशा बदलला. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात न्हाणी आणि लाकडाची खोली गेली, म्हणजे पावसाचा मारा त्यांनी झेलावा. पूर्वेला तुळशीसमोर आठ फूट रुंद ओटी आली. वर लोखंडी कैच्यांवर मंगलोरी कौले, तीस अंशांच्या आसपास उतार. गणपतीच्या जागी मात्र दोन लाकडी तुळया मुद्दाम उघड्या सोडल्या. कैच्यांना लाकूड वापरले नाही, कारण आजच्या भावात सागवान परवडत नाही आणि वाळवी स्वस्त लाकडाला सोडत नाही. कौलांचाही त्रास आहेच: माकडे दरवर्षी दहा-वीस फोडतात आणि ती चाळायला आता माणूस मिळत नाही.

सगळे मान्य करून घरमालकाने शेवटी एकच अट घातली. मुंबईहून भाऊ आला की त्याला रस्त्यावरून स्लॅब दिसला पाहिजे. म्हणून गाडी ठेवायच्या जागेवर दहा बाय पंधराचा स्लॅब टाकला आहे. त्यावर अजून तरी पत्रा घातलेला नाही.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, कुडाळ