‘चांगला’ शेरासुद्धा कळवायला लागतो

संपादक महोदय,

आमच्या सांगलीत एका सरकारी ऑफिसातल्या ओळखीच्या क्लार्कचं प्रमोशन हुकलं, कारण विचारलं तर म्हणे तीन वर्षांपूर्वीच्या गोपनीय अहवालात ‘कामात रस नाही’ असं लिहिलंय, आणि ह्याला त्याचा पत्ताच नाही! साहेबांनी लिहिलं, वरच्यांनी सही ठोकली आणि फाईल कपाटात.

असं चालत नाही हो. 2008 मध्ये देव दत्त यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, शेरा कुठलाही असो, कळवलाच पाहिजे. ते बॉर्डर रोड्सचे इंजिनिअर, एका वर्षी ‘चांगला’ मिळाला पण बढतीला ‘अतिउत्तम’ लागत होता, म्हणजे चांगला शेराच नडला. कोर्टाने तो कळवून त्यांचं म्हणणं ऐकायला लावलं. 2013 ला तीन न्यायाधीशांनी हेच कायम केलं.

आता ह्या क्लार्कने काय करावं? आधी अहवालाची प्रत लेखी मागावी, आणि मुदतीत अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्ध आपलं लेखी म्हणणं, द्यावं. त्यात रडगाणं नको, मुद्दे हवेत. वर्षभरात एक तरी मेमो किंवा लेखी समज दिली होती का? ‘रस नाही’ म्हणजे नक्की कुठलं काम राहिलं? लिहिणाऱ्या साहेबांनी ह्याचं काम किती महिने बघितलं, की बदलीवर जाता जाता लिहून गेले? निकाल कारण न देता ‘अमान्य’ एवढाच आला तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं, पण मॅट स्वतः मार्क वाढवून देत नाही, बहुतेक वेळा फेरविचार करायला सांगतं.

– एक निवृत्त अव्वल कारकून, मिरज