सूचना : गणिताची उत्तरे गुणांनुसार लिहिण्याबाबत

एसएसएलसीच्या मराठी माध्यमाच्या सर्व सदस्य-पालकांना कळविण्यात येते की, गणिताचा लेखी पेपर 80 गुणांचा असून लिहिण्यास 180 मिनिटे मिळतात, म्हणजे एका गुणाला साधारण सव्वादोन मिनिटे आणि चार गुणांच्या आलेखाला नऊ मिनिटे येतात.

x + y = 5 आणि 2x − y = 4 ही समीकरणे आलेखाने सोडवताना गुणदान योजनेत बहुधा दोन सारण्यांना दोन, रेषा काढण्यास एक आणि छेदनबिंदूवरून x = 3, y = 2 लिहिण्यास एक गुण असतो. आपल्या बेळगावच्या सराव परीक्षेत काहींनी लोप पद्धतीने अचूक उत्तर काढले, पण आलेखच नसल्याने एकच गुण पडला. तेव्हा सारणी वहीच्या कोपऱ्यात न मांडता आलेखाशेजारीच लिहावी.