‘कंपोस्टेबल’ पेला परसातल्या खतात का कुजत नाही?

मा. पर्यावरणमंत्री, गोवा राज्य यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या चतुर्थीला फोंड्यातील आमच्या घरी पाहुण्यांना सरबत देण्यासाठी ‘कंपोस्टेबल’ छापलेले पारदर्शक पेले आणले होते. विसर्जनानंतर माटोळीची पाने, भाज्यांची साले आणि हे पेले खताच्या पिंपात गेले. शिगम्याच्या सुमारास खत चाळले, तेव्हा पाने ओळखू येत नव्हती. पेले मात्र थोडे पांढुरके होऊन अख्खे निघाले आणि त्यांवरची अक्षरेही वाचता येत होती.

यात पिंपाचा दोष नव्हता. असे पेले बहुधा मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनवलेल्या पीएलए या प्लास्टिकचे असतात. त्याच्या रेणूंच्या साखळ्या जिवाणूंना थेट खाता येत नाहीत. आधी उष्णता आणि ओलावा मिळून त्यांचे तुकडे व्हावे लागतात. सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली हे प्लास्टिक काचेसारखे ताठर राहते आणि ही तोडफोड फार मंदावते. आमच्या पिंपात मी तापमापक खुपसून पाहिला होता. पारा सर्वाधिक ४६ अंशांवर गेला, तोही तीन-चार दिवसच. पुढे तो बाहेरच्या हवेइतकाच राहिला, कारण लहान ढिगाची ऊब चहूबाजूंनी निसटते आणि ती धरून ठेवायला साधारण घनमीटरभर तरी कचरा लागतो.

लेबलामागची चाचणी मात्र वेगळ्याच परिस्थितीत होते. आयएसओ १७०८८ या मानकानुसार साधारण ५८ अंशांवर सहा महिन्यांत ९० टक्के जैविक विघटन दिसावे लागते. तेव्हा लेबल खोटे नाही, अपुरे आहे. कमी तापमानात वर्षभरात कुजण्याची अट घालणारी स्वतंत्र मानके ऑस्ट्रेलियात आणि फ्रान्समध्ये आहेत, आणि मला तोच भेद इथे हवा आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, गोव्यात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक वस्तूवर मराठीत आणि कोकणीत, ‘कंपोस्टेबल’ या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत, ‘घरच्या खतात कुजत नाही’ असे छापणे बंधनकारक व्हावे, यासाठी आपण पावले उचलावीत. दुसरे असे की, हे पेले घरोघरच्या ओल्या कचऱ्यात द्यायचे की सुक्या, हे पंचायतींना लेखी कळवावे. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून आधी बायोगॅस तयार होतो; तिथे हे पेले पुढे जातात की निवडून बाजूला काढले जातात, हे जाहीर झाले तर आम्हालाही ते कोणत्या बादलीत टाकायचे ते कळेल.

आपली नम्र,
फोंड्यातील एक गृहिणी