डांग्या खोकल्याची लस: सातवा महिना लागला की तारीख बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातल्या लसींवर एक छोटी चौकट आली होती, त्यात शेवटी "लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात" एवढंच होतं. सल्ला बरोबरच आहे, पण मी गरोदर बायकांच्या ओपीडीत नर्स आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या मुलींना नेमकं अडतं ते पुढे, म्हणजे कुठली लस, कधी, आणि आधी घेतलेलं इंजेक्शन त्यात धरायचं की नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

सगळ्यात जास्त गोंधळ डांग्या खोकल्याच्या लसीचा आहे. कार्डावर दोन इंजेक्शनांची नोंद असते, मुलगी म्हणते माझी इंजेक्शनं झाली, सासूबाई पण म्हणतात झाली, आता परत कशाला टोचायचं. कार्ड नीट बघितलं की कळतं ती टीटी किंवा टीडीची आहेत. टीटी म्हणजे फक्त धनुर्वात, टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकला या दोन्हीत नाहीच. तो असतो टीडॅपमध्ये, शेवटचा जो "प" आहे तो पर्टुसिसचा, म्हणजे डांग्या खोकल्याचा. त्यामुळे टीडीचे दोन डोस अगदी वेळेवर झाले असले तरी डांग्या खोकल्यापुरती पाटी कोरीच असते. आणि टीडी नुकतीच घेतली असेल म्हणून टीडॅपसाठी थांबायचं पण कारण नाही, दोन्हींत ठराविक अंतर हवंच असा नियम नाही. उलट टीडीचा एखादा डोस अजून बाकी असेल तर त्याच्याऐवजी टीडॅप दिली तरी धनुर्वाताचं कामही होऊन जातं, फक्त हे आधीच ठरवायला पाहिजे, नाहीतर ती वेळ आली की सवयीने टीडीच टोचली जाते.

आता ही लस आईला कशासाठी, हे समजलं की वेळेचं गणित आपोआप समजतं. डांग्या खोकला मोठ्यांना झाला तर कित्येक आठवडे खोकून हैराण करतो पण माणूस सहसा त्यातून निघतो. जीवावर बेतते ती पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या. आणि बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची पहिली लस असते दीड किंवा दोन महिन्यांनी, देशाच्या वेळापत्रकाप्रमाणे, त्यातही एका डोसने पुरेसं संरक्षण येत नाही, पुढचे डोस व्हावे लागतात. मधल्या काळात बाळाकडे जे काही असतं ते आईकडून आलेलंच. आईला लस दिली की तिच्या रक्तात अँटीबॉडीज तयार होतात, त्या वारेतून बाळाच्या रक्तात जातात, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ त्या शिदोरीवर काढतं.

यात दोन गोष्टींना वेळ लागतो. एक, लस टोचल्यावर आईच्या रक्तात अँटीबॉडीज भरपूर व्हायला साधारण दोन आठवडे. आणि दुसरं, वारेतून त्या पलीकडे जायला. सुरुवातीच्या महिन्यांत फार थोड्या जातात, शेवटच्या तिमाहीत हा ओघ खूप वाढतो, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात तर कधीकधी आईपेक्षाही जास्त सापडतात. म्हणजे लस अशा वेळी हवी की ओघ वाढेल तेव्हा आईचा साठा तयार असेल आणि डिलिव्हरीच्या आधी काही आठवडे हातात राहतील. म्हणून अमेरिकेत 27 ते 36 आठवडे सांगतात आणि त्यातही जितकं 27 च्या जवळ तितकं चांगलं असं म्हणतात. भारतातल्या स्त्रीरोगतज्ञांच्या संघटनेचा, फॉग्सीचा सल्लाही 27 ते 36 चाच आहे. ब्रिटनमध्ये 16 आठवड्यांपासूनच देतात, कारण बाळ वेळेआधी आलं तरी त्याला काहीतरी मिळालेलं असावं. आकडे वेगळे दिसतात म्हणून घाबरू नका, कारण एकच आहे, शेवटच्या घटकेपर्यंत ठेवू नका.

हे तारखांमध्ये मांडून दाखवते म्हणजे घरच्या घरी काढता येईल. समजा डिलिव्हरीची तारीख 15 डिसेंबर दिलीय. ती 40 आठवड्यांची तारीख असते. त्यातून 13 आठवडे मागे गेलं की 27 आठवडे येतात, म्हणजे 15 सप्टेंबर, सरळ तीन महिने मागे. आणि चार आठवडे मागे गेलं की 36 आठवडे, म्हणजे 17 नोव्हेंबर. झालं, 15 सप्टेंबर ते 17 नोव्हेंबर ही तिची मुदत. आता हिने 20 सप्टेंबरला लस घेतली आणि बाळ 35 आठवड्यांनाच आलं, म्हणजे 10 नोव्हेंबरला, तरी मध्ये सात आठवडे मिळाले, बाळाला चांगला साठा मिळाला. तीच मुलगी "पुढच्या व्हिजिटला बघू" करत 5 नोव्हेंबरपर्यंत थांबली असती तर नियमाप्रमाणे ती मुदतीतच होती, पण बाळ 10 तारखेला आलं असतं तर मध्ये पाचच दिवस, आईच्याच अँटीबॉडीज अजून पुरत्या झालेल्या नसत्या, बाळाला काय जाणार. मुदत दोन महिन्यांची असली तरी दोन महिने थांबायचं नाही ते यासाठी.

एक छोटी सूचना, तारीख सोनोग्राफीनंतर बदलली असेल तर मोजणी बदललेल्या तारखेवरूनच करा, पाळीच्या जुन्या तारखेवरून नको. आणि घरी महिन्यांत मोजतात म्हणून सांगते, 27 आठवडे म्हणजे सहा महिने पुरे होऊन सातवा नुकताच लागलेला असतो. "सातव्यात घ्या" असं ऐकून काहीजणी सातवा संपत आला की येतात, उशीर झाला असं नाही, पण तीन-चार आठवडे उगाच गेले.

दुसरा प्रश्न हमखास असतो, पहिल्या बाळाच्या वेळी घेतली होती, आता परत का. कारण डांग्या खोकल्याच्या अँटीबॉडीज आईच्या रक्तात फार टिकत नाहीत, वर्षभरात बऱ्याच उतरतात. आईला स्वतःला थोडंफार संरक्षण उरत असेल पण वारेतून भरभरून द्यायला तेवढं पुरत नाही. म्हणून प्रत्येक गरोदरपणात एक डोस, दोन बाळांत अंतर कमी असलं तरीही. जुळी असली तरी डोस एकच.

"डिलिव्हरी झाल्यावर घेते ना, आता पोटात बाळ असताना भीती वाटते" असंही खूपजणी म्हणतात. त्यांची भीती मी समजू शकते, पण डिलिव्हरीनंतर वार गेलेली असते. तेव्हा घेतलेल्या लसीने आई स्वतः खोकला घरात आणण्याची शक्यता कमी होते, दुधातूनही थोडं जातं, पण रक्तातली शिदोरी बाळाला मिळत नाही. टीडॅपमध्ये जिवंत जंतू नाही, त्यामुळे या लसीने आईला किंवा बाळाला डांग्या खोकला होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस अंग कसकसतं, थोडा ताप येतो, ताप आला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यायची, अंगावर काढायचा नाही. आधी याच लसीची किंवा तिच्यातल्या घटकाची जबरदस्त अ‍ॅलर्जी येऊन गेली असेल तर मात्र आधी सांगायचं, तिथे देत नाहीत. 2012 साली ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याची साथ येऊन 14 तान्ही बाळं गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे गरोदर बायकांना ही लस द्यायला सुरुवात झाली, आणि पुढच्या अभ्यासात आईने वेळेत लस घेतलेल्या तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत आजार जवळपास 90 टक्के कमी दिसला. उपयोगाचा यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा.

बाकीच्या लसींचं थोडक्यात. फ्लूची इंजेक्शनवाली लस कुठल्याही महिन्यात चालते आणि घ्यावीच, कारण गरोदरपणात फ्लू जास्त जोर करतो. नाकात फवारायची फ्लूची लस नको, ती जिवंत असते. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर आणि कांजण्यांची लस या दोन्ही जिवंत, त्या पोटात बाळ असताना नाहीत, आधी घ्यायच्या आणि नंतर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, किंवा मग डिलिव्हरीनंतर घ्यायच्या, अंगावर पाजत असलं तरी चालतं. पण कुणी दिवस गेल्याचं माहीत नसताना एमएमआर घेतली असेल तर फक्त तेवढ्यासाठी गर्भपाताचा विचारही करू नका, डॉक्टरांना सांगा आणि नेहमीच्या तपासण्या चालू ठेवा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्हीची लस जिवंत नाही तरी राहिलेले डोस डिलिव्हरीनंतरच घ्यायचे. आणि कुत्रा चावला तर मात्र गरोदर आहे म्हणून एक दिवसही थांबायचं नाही, रेबीजची लस लगेच आणि पूर्ण घ्यायची, तो आजार झाला तर त्यावर इलाज नाही.

36 आठवडे उलटून गेले असतील तरी "आता काय उपयोग" म्हणून सोडू नका, डिलिव्हरीपर्यंत देता येते, बाळाला कमी मिळेल एवढंच. आणि राहूनच गेली तर डिलिव्हरीनंतर लगेच आईने घ्यावी, जो कुणी खोकतोय त्याच्या हातात बाळ देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो, आणि बाळाचा पहिला डोस एक दिवसही पुढे ढकलू नये. आईने गरोदरपणात घेतली असली तरी बाळाचे डोस घ्यावेच लागतात, कारण आईकडून आलेलं काही महिन्यांत संपतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं, इतक्या लहान बाळात डांग्या खोकल्याची ती ओळखीची हुप आवाजाची ढास बरेचदा नसतेच. साधी सर्दी वाटते, खोकला जेमतेम असतो, आणि मग बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबतं, ओठ निळे पडतात, दूध पिताना थकून सोडून देतं. असं एकदा जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता बाळाला हॉस्पिटलमध्ये न्यायचं, आणि घरात कुणाला दोन आठवड्यांपासून खोकला असेल तर तेही तिथे आपणहून सांगायचं, कारण डॉक्टरांचा संशय त्यावरूनच डांग्या खोकल्याकडे जातो.

आपली,
एक परिचारिका, प्रसूतिपूर्व तपासणी विभाग